लिंबू पिळलेला वरणभात

आज सकाळी साडेनऊला प्लेग्रुपच्या गेटवर माझ्या पावणेदोन वर्षांच्या लेकीचे दोन्ही तळहात उलटे करून तपासले गेले. मग बूट काढून तळपाय. चिऊला वाटलं काहीतरी खेळ चाललाय, ती हसत होती. मॅडम म्हणाल्या, "अजून डाग दिसतायत हो. पूर्ण गेले की आणा. बाकीचे पालक ग्रुपवर ओरडतात." आणि तिचे हात सोडून स्वतःच्या हातांना सॅनिटायझर चोळला.

मी रिक्षात बसून ऑफिसला फोन केला. या महिन्यातली सहावी सुट्टी. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे.

तिला हँड फूट माउथ झालं होतं, म्हणजे तोंडात आणि हातापायांवर फोड आणणारं विषाणूचं दुखणं. आज नववा दिवस. ताप जाऊन पाच दिवस झाले, तोंडातले फोड बरे झाले, काल रात्री तिने अख्खी पोळी दुधात कुस्करून खाल्ली. उरलेत ते तळहातावरचे तपकिरी ठिपके आणि थोडी सुटणारी कातडी. पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी होती, 'प्लेग्रुपला जाण्यास हरकत नाही' अशी. ती बघितलीसुद्धा नाही. तळहात बघितले.

राग त्याचाच आहे. या आजारात सगळे तळहातच बघतात. मी पण तेच केलं. चिऊच्या हातापायांवर एकही ठिपका नव्हता तेव्हा खरा आजार तिच्या तोंडात बसला होता, आणि मी तिला लिंबू पिळलेला वरणभात भरवत होते.

झालं असं. शुक्रवारी तिला १०१ ताप होता. शनिवारी उतरल्यासारखा वाटला, म्हणून मी मऊ वरणभात केला, वर तूप आणि तिला आवडतं म्हणून लिंबू. लिंबाशिवाय ती वरणभाताला तोंड लावत नाही. पहिला घास गेला आणि ती जी किंचाळली! हट्टाचं रडणं मला कळतं, हे ते नव्हतं. दोन्ही हात तोंडात खुपसून, मान मागे टाकून, श्वास अडकेपर्यंत. मला वाटलं भात गरम होता. म्हणून मी फुंकर मारून दुसरा घास दिला.

हो. दुसरा पण दिला.

संध्याकाळी डॉक्टरांनी टॉर्च मारून दाखवलं. टाळूच्या मागच्या बाजूला, पडजिभेच्या आसपास लाल कड्याचे आणि आतून पांढुरके असे सहा-सात व्रण, जिभेच्या कडेला दोन. त्या व्रणांवर मी लिंबू आणि मीठ घातलं होतं. अंगावरचे फोड रविवारी उठले: तळहात, तळपाय, ढुंगण, गुडघे. ते बघून घरी सगळे घाबरले, पण खरं सांगू, अंगावरच्या फोडांनी तिला फारसा काही त्रास दिला नाही. ती त्या पायांनी घरभर पळत होती. त्रास होता तो गिळण्याचा.

आत्येसासूबाईंचा फोन आला, "अगं, लाळ्या-खुरकूत? ते तर गुरांना होतं!" नाही हो. तो विषाणू वेगळा, हा वेगळा. गुरांचा माणसात सहसा येत नाही आणि चिऊचा गोठ्यात जात नाही. नावात खूर नाही, पाय आहे. असो.

त्या दोन घासांनंतर तिला चमच्याची भीती बसली. चमचा दिसला की ती तोंड मिटून मान फिरवायची. लाळ गळत होती, कारण गिळायचंच नव्हतं. शनिवारी रात्री डायपर बदलायला गेले तर कोरडा. नऊ वाजता बदललेला, आणि पहाटे चारलाही कोरडा. डॉक्टर म्हणाले होते की आठ तास लघवी नाही झाली, रडताना पाणी नाही आलं, जीभ कोरडी दिसली, तर थांबू नका, घेऊन या. मी सात तासांवर होते. नवऱ्याने गाडीची किल्ली हातात घेतलेली होती.

त्या एका तासात काय केलं ते नीट लिहिते, कारण हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर तो वरणभात झाला नसता. पॅरासिटॅमॉलचा डोस दिला. तिचं वजन ११ किलो, डॉक्टरांनी ३ मिली लिहून दिलेलं, पण ते ५ मिलीत २५० मिलिग्रॅमवाल्या बाटलीचं. घरात दुसरी जुनी बाटली १२० ची होती, दिसायला जवळजवळ तशीच. तेवढं बाटलीवरचं वाचाच. हे औषध आजार बरा करत नाही, पण अर्ध्या तासात तोंडाची आग कमी करतं आणि तेवढ्या वेळात पोटात काहीतरी घालता येतं. आम्ही ते तापासाठी राखून ठेवत होतो. ताप नव्हता म्हणून दिवसभर दिलंच नव्हतं! दुखण्यासाठीही द्यायचं असतं, चोवीस तासांत चारदाच, पण द्यायचं.

मग फ्रीजमधलं गार दूध. चमचा नाही, बाटली नाही. बाटली चोखताना जास्त दुखतं म्हणे. औषधाची सुई नसलेली सिरिंज, गालाच्या आतल्या बाजूने, एका वेळी ५ मिली. मोबाइलवर पाच-पाच मिनिटांचा गजर लावून. ऐकायला काहीच नाही वाटत, पण हिशोब करा, तासाला ६० मिली होतात. सव्वापाचला डायपर ओला झाला. ओला डायपर बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

सासूबाई त्या वेळी टाकणखाराची लाही मधात कालवून आणत होत्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तोंड आलं की हेच. मी आवाज चढवला, त्याबद्दल नंतर माफी मागितली. पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स, पोटात गेला तर एवढ्या लहान पोरांना विषारी. दुकानातलं तोंड बधिर करणारं जेलही डॉक्टरांनी नकोच म्हटलं, दोन वर्षांच्या आतल्यांना ते धोक्याचं असतं. सासूबाईंनीच मग जे केलं ते खरं कामाचं निघालं: नाचणीची पेज करून फ्रीजमध्ये गार केली, मीठ न घालता. गोड ताजं दही. कुस्करलेलं केळं. आंबट ताक नाही, संत्रं नाही, टोमॅटोचं सार नाही. आणि हो, आईसक्रीम. तापातून उठलेल्या पोराला आईसक्रीम देते म्हणून मला किती जणांनी ऐकवलं. दोन दिवस ती आईसक्रीम आणि दुधावर राहिली. घन अन्न चार दिवस नाही खाल्लं तरी बिघडत नाही, पाणी नाही गेलं तर बिघडतं. एवढंच.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही, कारण विषाणूवर ते चालत नाही. एक कागद मात्र दिला: झोपेत सारखी दचकते का, गुंगीत राहते का, चालताना तोल जातो का, उलट्या थांबत नाहीत का, ताप तीन दिवसांपुढे जातो का. यातलं काहीही झालं तर थेट हॉस्पिटल. क्वचित होतं, पण तेच बघायचं असतं. यात तळहाताच्या ठिपक्यांचा कुठे उल्लेख नाही, मॅडम.

आता प्लेग्रुपकडे येते. २०२२ मध्ये केरळात 'टोमॅटो फ्लू' म्हणून गाजलं ते बहुतांशी हेच दुखणं होतं. तेव्हा केंद्र सरकारने काढलेल्या सूचनेतही लक्षणं दिसल्यापासून ५ ते ७ दिवस वेगळं ठेवा असंच होतं. आमच्या डॉक्टरांचा नियम त्याहून सोपा: औषधाशिवाय चोवीस तास ताप नको, फोड ओले नकोत, लाळ गळायची थांबलेली आणि मूल खातंपितं हवं. चिऊ हे सगळं मंगळवारीच पार करत आली होती. सुकलेले ठिपके कोणाला काही देत नाहीत.

"पण विषाणू अंगात असतोच ना?" असं ग्रुपवर एकीने लिहिलंय. असतो. शीमधून तो कित्येक आठवडे जात राहतो. म्हणजे तो पूर्ण जाईपर्यंत थांबायचं तर दीड-दोन महिने घरी बसवा, आणि ज्यांना लक्षणंच न दिसता होऊन गेलं त्या पोरांचं काय करणार? त्यांचे तळहात स्वच्छच असणार. म्हणून सगळा खेळ डायपर बदलल्यानंतरच्या हातांचा आहे. साबण, वाहतं पाणी, वीस सेकंद. या विषाणूवर सॅनिटायझर नीट चालत नाही. आमच्या प्लेग्रुपमध्ये डायपर टेबलाशेजारी बेसिन नाही, सॅनिटायझरची बाटली आहे. बारा पोरं आणि एक मावशी. फी किती ते लिहीत नाही, तुम्हाला अंदाज आहे. गेटवर तळहात बघायला पैसे लागत नाहीत, बेसिन बसवायला लागतात.

ग्रुपवर सगळ्यात जास्त ओरडणारी जी आई आहे, तिच्याकडे वीस दिवसांचं बाळ आहे. एवढ्या लहानग्याला हे जड जाऊ शकतं. तिची भीती खोटी नाही, हे मला मान्य आहे. नाइलाजाने मान्य आहे.

आणि आता जे लिहायचं टाळत होते ते. या आजारात मूल सगळ्यात जास्त पसरवतं ते पहिल्या काही दिवसांत, बऱ्याचदा अंगावर काही दिसायच्या आधी. त्या गुरुवारी सकाळी चिऊचं अंग कोमट होतं. मला दाढा येतायत असं वाटलं. वाटलं की वाटून घेतलं? ११ वाजता माझं प्रेझेंटेशन होतं. मी ३ मिली पॅरासिटॅमॉल पाजलं आणि तिला प्लेग्रुपला सोडलं. चार तास ती तिथे होती, सगळ्यांच्या ठोकळ्यांना लाळ लावत. त्या दिवशी गेटवर कोणी तिचे हात पाहिले नाहीत. पाहिले असते तरी स्वच्छच दिसले असते.

निदान झालं असं मी रविवारी ग्रुपवर कळवलं. गुरुवारचं लिहिलं नाही.

आत्ता ती झोपलीय. दुपारी वरणभात केला, लिंबू नाही घातलं. तिने आधी चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बोटाने थोडा भात उचलून स्वतःच तोंडात टाकला. चमचा अजून नको म्हणते.

सोमवारी चिठ्ठी घेऊन परत जाणार आहे आणि बेसिनचं विचारणार आहे. त्याआधी उद्या वीस दिवसांच्या बाळाच्या आईला फोन करायचाय. तिच्या मोठ्याचा ठोकळ्यांचा ग्रुप चिऊचाच.