चिमटा कळतो म्हणून मोटर न्यूरॉनचा आजार नाही?

"हाताला चिमटा काढला तर कळतो ना? डोळे चारी बाजूला फिरतात ना? लघवी-संडासवर ताबा आहे ना? मग नसा जिवंत आहेत! डॉक्टर मोटर न्यूरॉनचं नाव घेऊन घाबरवतात. ही मानेत दबलेली नस आहे, नाहीतर लाखोळीची डाळ बाधली. लाखोळी सोडा, तेलानं मालिश करा, बी-12 ची इंजेक्शनं घ्या, दीड महिन्यात हात उठेल. पुढे पाठवा."

पुढे पाठवणाऱ्यांनी पाठवलं. भंडारा जिल्ह्यातल्या माझ्या मामीपर्यंत ते पोचलं आणि तिनं मामाजींच्या मोटर न्यूरॉनच्या आजारावरच्या रिलुझोलच्या गोळ्या बाजूला ठेवून तेलाची बाटली काढली. म्हणून हे लिहितो आहे.

चिमट्याचंच आधी घेऊ, कारण सगळा घोळ तिथे आहे. हात हलवण्याचा हुकूम दोन पेशींतून येतो. पहिली मेंदूत असते. तिचा धागा मज्जारज्जूत उतरतो. दुसरी मज्जारज्जूच्या पुढच्या भागात असते, तिचा धागा थेट स्नायूत जातो. या आजारात या दोन पेशी मरतात. स्पर्शाची पेशी मात्र मज्जारज्जूच्या आत नसतेच. ती मणक्यांच्या फटीजवळच्या गाठीत बसते आणि तिचा निरोप वेगळ्या वाटेनं मेंदूकडे जातो. म्हणजे चिमटा कळणं हे आजार नसल्याचं लक्षण नाही. उलट हात वाळतो आहे आणि स्पर्श मात्र शाबूत आहे, ही जोडीच डॉक्टरांना संशय घ्यायला लावते. नसांच्या तपासणीतही संवेदनेच्या नसा बहुधा नॉर्मल येतात. तो रिपोर्ट दाखवून "बघा, काही नाही" म्हणणारेही भेटतात! काही रुग्णांना थोड्या मुंग्या येतात, हे खरं. पण ठळक बधिरपणा असेल तर आधी दुसरा आजार शोधावा लागतो.

मामाजींचं उदाहरण घ्या. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी आणि अंगठा-तर्जनीच्या मधल्या मांसात खळगा पडला, करंगळीकडची बाजू मात्र बरीच भरलेली. दंडाच्या कातडीखाली फडफड चालते. हे खालच्या, म्हणजे मज्जारज्जूतल्या पेशीचं काम. नुसती तीच मेली असती तर हातोडी मारल्यावर तो हात गप्प राहिला असता. पण मनगटावर टकटक केली की वाळलेला हात कासरा सुटलेल्या बैलासारखा उसळतो, कारण वरची पेशीही गेली आहे आणि आवरणारं कोणी उरलं नाही. तळव्यावर किल्ली ओढली की पायाचा अंगठा वर जातो, तोही त्याचाच पुरावा. 2020 साली प्रसिद्ध झालेले या आजाराच्या निदानाचे गोल्ड कोस्ट निकष हेच मागतात: वाढत जाणारा अशक्तपणा, शरीराच्या एकाच भागात वरची आणि खालची दोन्ही लक्षणं (किंवा दोन भागांत खालची), आणि दुसरं कारण नाही याची खात्री.

डोळे का वाचतात? तिथली एक पेशी जेमतेम 10-20 स्नायुतंतू हलवते, पोटरीची एक पेशी 1000 च्या वर. बोजाच कमी. शिवाय पेशीत घुसलेलं कॅल्शियम पकडून ठेवणारी प्रथिनं डोळ्याच्या पेशींत जास्त असतात, आणि हाच कॅल्शियमचा पूर इतर मोटर पेशींना मारणाऱ्या गोष्टींपैकी एक मानला जातो. लघवी-संडासची दारं आवळून धरणारा मज्जारज्जूतला छोटा पेशीसमूहही असाच बहुधा टिकतो. व्हेंटिलेटरवर वर्षानुवर्षं काढलेल्या काही रुग्णांत डोळेही अडतात, पण ते फार उशिरा.

मानेबद्दल अर्धं खरं आहे, मान्य. मानेत मज्जारज्जू दबला तर हात वाळतात आणि पाय ताठरतात, म्हणून एमआरआय करतातच. पण साठीनंतर कोणाच्या मानेत झीज दिसत नाही? मामाजींची जीभ तोंडात स्वस्थ पडलेली असतानाही वळवळते. जिभेची नस मानेच्या वर, मेंदूच्या देठातून निघते. मानेचा दाब तिला गाठू शकत नाही. हे न बघता झीज पाहून ऑपरेशन झालेले रुग्ण आहेत, आणि हात वाळायचा थांबला नाही.

बी-12 कमी असेल तर घ्या. पण त्या कमतरतेत पायाच्या अंगठ्यावर ठेवलेल्या ट्यूनिंग फोर्कची थरथर सहसा आधी हरवते. मामाजींना ती स्पष्ट कळते.

लाखोळीची गोष्ट आमच्या भागात लोकांना पटते, आणि ती पोकळ नाही. महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पाय कायमचे ताठ होतात, आणि त्यातही स्पर्श बहुधा वाचतो. पण तिथे मार वरच्या पेशीवर असतो. मांस असं झडत नाही, जीभ वळवळत नाही, आणि खाणं थांबलं की आजार सहसा पुढे सरकत नाही. मामाजींचा उजवा हातही आता खळगायला लागला आहे.

तेल लावा, आखडलेल्या सांध्यांना बरं वाटेल. गोळ्या मात्र पुन्हा सुरू केल्या आहेत. रिलुझोल आजार बरा करत नाही, चाचण्यांत सरासरी दोन-तीन महिनेच वाढवून दिले. पण सोडायला हे कारण नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना श्वास ओढणाऱ्या स्नायूंच्या ताकदीची तपासणी मागा, बसून आणि आडवं पडूनही. सकाळी डोकं जड होत असेल, उताणं झोपता येत नसेल, तर तारखेची वाट न पाहता जा.