‘निवांत’ हा शब्द आधी काढ

रविवारी सकाळी भाचीने चहाचा फोटो काढला आणि कॅप्शन मात्र माझ्या गळ्यात घातलं. “मावशी, तू एवढी वर्षं प्रेसमध्ये मजकूर तपासलास, एक ओळ सांग की.” लग्नपत्रिका तपासणारीला हे काम सोपं वाटेल, असा तिचा समज. पाऊण तास गेला त्यात. त्या पाऊण तासात माझं एक ठाम मत झालं, ते इथे लिहून टाकते. दोन शब्दांच्या कॅप्शनवर एवढी लांब पोस्ट, याचं हसू मलाही येतंय.

आधी फोटो सांगते. टिळकवाडीतलं आमचं घर, वरच्या मजल्यावरची गॅलरी. (बाल्कनी म्हणायची सवय आमच्यात कुणालाच नाही.) जुलैचा पाऊस, म्हणजे बेळगावात आठ-आठ दिवस न थांबणारा. कठड्यावर कपबशी, खाली अर्धवट दिसणाऱ्या रबरी चपला. पहिल्या सात फोटोंत चहाची वाफ दिसलीच नाही, कारण कपामागे पांढरं आभाळ होतं. पांढऱ्यावर पांढरी वाफ कशी दिसणार? मग कप तिने कोपऱ्यात सरकवला, मागे शेजारच्यांची शेवाळलेली काळी भिंत आली, बाजूने उजेड आला, आणि वाफ अशी वळत वर जाताना दिसली की बास. तोवर पहिला चहा गार झाला होता. फोटोतला चहा दुसरा आहे.

तिने आधी लिहिलं, “वाफाळता चहा, रिमझिम पाऊस आणि मी.” मी म्हटलं, वाफ दिसते, चहा दिसतो, पाऊस दिसतो. मग ओळीने सांगितलं काय? ज्या वाफेसाठी सात फोटो घालवलेस, तीच परत शब्दात कशाला? शिवाय “आणि मी” हे शेपूट आता इतक्या कॅप्शनना लागलंय की ते कुणी वाचतच नाही, डोळा त्यावरून घसरतो.

दुसरा प्रयत्न, “धकाधकीच्या जीवनातले दोन निवांत क्षण.” यावर मी जरा चिडलेच. ही ओळ मोठ्याने म्हणून बघा. ध, क, ध, क, मग क्ष, ण. तोंडाला केवढं काम! आळसाची ओळ म्हणताना जीभ आळसावली पाहिजे. आणि खरी गोची ‘निवांत’मध्ये आहे. जो माणूस खरंच निवांत बसलाय तो ‘मी निवांत आहे’ असं जाहीर करत नाही. जाहीर केलं की ती पाटी झाली, शांतता गेली.

मग आळस दाखवायचा कसा? माझं म्हणणं असं की, करायचं राहिलेलं एक काम सांगावं. आळस नुसता दिसत नसतो, काहीतरी पुढे ढकललेलं असेल तरच तो दिसतो. फोटोत चहा आहेच. फोटोत जे नाही, ते म्हणजे ते काम, आणि तेवढंच ओळीने आणावं.

भाचीला पटलं. तिने लगेच लिहिलं, “कपडे वाळत घालायचे आहेत. चहा संपला की बघू.” माझ्या मते ही पहिली जिवंत ओळ. ‘बघू’ हा शब्द काय सुंदर आहे! त्यात होकार आहे, नकार आहे, आणि उठायची तर अजिबात घाई नाही. फक्त एक चूक होती. मागे धो-धो पाऊस पडतोय आणि ही कपडे कुठे वाळत घालणार? आमच्याकडे या दिवसांत कपडे स्वयंपाकघरात दोरीवर असतात, फॅनखाली, आणि तरी दमट वास येतो. बघणाऱ्याला ते नेमकं खटकतं. मग ती म्हणाली, दूध आणायचंय असं लिहू? दूध नाही तर हा चहा कसा झाला, असं पहिल्याच कॉमेंटमध्ये कुणीतरी विचारेल. काम असं हवं जे फोटोशी भांडणार नाही. शेवटी भाजी ठरली. पावसात भाजीला जायचा कंटाळा कुणालाही पटतो, आणि छत्री घेऊन बाजारापर्यंत जाणं हे कामही बेताचंच आहे. पुढे ढकललं तर जग बुडत नाही. लाईट बिल किंवा दवाखाना लिहिला असता तर ओळीत काळजी शिरली असती.

आता कातरकाम. “आहेत”, “आहे” यांनी ओळ ताठ होते, म्हणून “जायचं आहे”चं “जायचंय” केलं. “चहा”चं “चा” केलं, कारण घरात आम्ही चाच म्हणतो. पुण्याच्या मैत्रिणी हसतील म्हणून ती जरा बिचकली. मी म्हटलं, हसू देत. प्रमाण मराठीत लिहिलं की माणूस खुर्चीत सरळ बसल्यासारखा वाटतो, आणि आपल्याला तर पाय वर घेऊन बसायचंय.

तेवढ्यात खालून शेजारच्या काकूंनी हाक मारली, “चा कुडद्रेनरी?” त्या कानडी, आम्ही मराठी, आणि गेली वीस वर्षं ‘चा घेतला का’ हा रोजचा प्रश्न ठरलेला. त्यांच्याकडे ‘सुम्ने’ म्हणून एक शब्द आहे. त्याचा अर्थ गप्पही होतो आणि उगाचही होतो. सुम्ने बसलेय म्हणजे शांत बसलेय आणि कारणाशिवाय बसलेय, दोन्ही एकदम. मला वाटलं, असा शब्द आपल्याकडे नाही. मग आठवलं, आहे की! फोनवर कुणी “काय करालीस?” विचारलं तर आपण म्हणतोच, “गप बसलोय की.” तिथे गप म्हणजे तोंड बंद असं थोडंच असतं? उलट आपण बोलतच असतो.

म्हणून शेवटची ओळ झाली:

“भाजीला जायचंय. चा होईतोवर गप बसलेय.”

‘बघू’ गेला याचं मला अजून वाईट वाटतंय, पण ‘गप’ आणि ‘बघू’ एकाच ओळीत फार होतात. दोघांपैकी एकालाच आळस करू द्यावा.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. तिने शेवटी तीन टिंबं दिली होती, ती मी खोडायला लावली. टिंबं म्हणजे अजून काही सांगायचंय असा आव, आणि हिला काहीच सांगायचं नाहीये. पूर्णविराम दिला की माणूस टेकून बसतो. कपाचा इमोजीही काढला, फोटोत कप आहे तेवढा पुरे. इन्स्टावर बावीसशे अक्षरं लिहिता येतात खरी, पण पहिल्या एक-दोन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो. आळशी कॅप्शनचा उरलेला भाग वाचायला लोकांना बोट हलवावं लागलं, तर आळस त्यांनी करायचा की आपण?

पोस्ट टाकून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर पुण्याहून ताईची, म्हणजे हिच्या आईची, पहिली कॉमेंट आली, “भाजी आणलीस काय मावशीला?”

पिशवी अजून खुंटीलाच होती. शेवटी मीच गेले. मेथी संपली होती, पोकळा आणला.