कॉल क्लोज केला म्हणजे लिफ्ट सुरू झाली असं होत नाही!

तीन महिने झाले. एप्रिल, मे, जून. दर महिन्याला आमच्या सोसायटीची तीच लिफ्ट बंद पडते, तोच पाचवा मजला, तोच डोअर लॉकचा कॉन्टॅक्ट. मेकॅनिक येतो, पॉलिश पेपरने कॉन्टॅक्ट घासतो आणि निघून जातो. पार्ट बदलत नाहीत! आमचा मेंटेनन्सचा करार पार्टसकट आहे, लिफ्टमागे महिना ८,००० रुपये आम्ही वेळेवर भरतो, तरी बदलत नाहीत.

१४ जूनचा रविवार मी विसरणार नाही. सकाळी ९:१० ला तक्रार नोंदवली. करारात लिहिलंय की दोन तासांत माणूस यायला हवा. माणूस आला दुपारी ४:४० ला. ५:१५ ला त्याने मोबाईलवर कॉल क्लोज केला आणि वॉचमनला सांगितलं, "पार्ट उद्या येईल." लिफ्ट बंदच! दुसऱ्या दिवशी दुपारी १:१० ला ती चालू झाली. आठव्या मजल्यावरच्या आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना सोमवारी सकाळी ड्रेसिंगला न्यायचं होतं आणि दुसऱ्या लिफ्टपर्यंत जायला मध्ये पायऱ्या आहेत. चौघांनी खुर्चीत बसवून नेलं. आजी सारख्या म्हणत होत्या, "अरे, मला पाडू नका रे." आणि कंपनीच्या रिपोर्टमध्ये काय? बंद वेळ ८ तास ५ मिनिटं. अहो, लिफ्ट २८ तास बंद होती! तुमच्या मोबाईलवर कॉल बंद झाला म्हणून घड्याळ थांबतं का? आमच्या करारात "लिफ्ट प्रवाशांसाठी चालू होईपर्यंत" असे शब्द आहेत. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये दोन्ही वेळा आहेत, खाली त्यांच्याच मेकॅनिकची सही आहे.

म्हणून या वेळी फोन नाही, व्हॉट्सअॅप नाही. सेक्रेटरी म्हणून मी लेखी नोटीस पाठवली, करारातल्या पत्त्यावर, स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. हिशोबही त्यातच मांडला.

जूनचे एकूण तास ७२०. ही लिफ्ट बंद होती ६१ तास. त्यातून ठरलेल्या सर्व्हिसिंगचे ३ आणि वीज गेल्याचे ४ तास मी स्वतःहून वजा केले, कारण ती त्यांची चूक नाही. उरले ५४. म्हणजे लिफ्ट चालू राहिली ९२.५ टक्के वेळ आणि करारात आहे ९८. तूट साडेपाच टक्के. प्रत्येक टक्क्याला किंवा त्याच्या भागाला त्या लिफ्टच्या मासिक शुल्काच्या ५ टक्के दंड, म्हणून सहा पट, ३० टक्के, २,४०० रुपये. मेकॅनिक उशिरा आला अशा तीन कॉल्सचे प्रत्येकी ५०० प्रमाणे १,५००. बेरीज ३,९००. पण दंडाला मासिक शुल्काच्या ४० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून मी मागितले फक्त ३,२००. एक रुपयाही जास्त नाही.

यावर त्यांचे सर्व्हिस मॅनेजर मला फोनवर म्हणतात, "मॅडम, दोन्ही लिफ्टची सरासरी काढा, ९६.२५ येते." का काढू? करारात "प्रत्येक लिफ्टसाठी स्वतंत्र" असं स्वच्छ लिहिलंय! दुसरी लिफ्ट महिनाभर नीट चालली म्हणून ही बंद पडलेली अर्धी चालू धरायची?

कमिटीतले काहीजण म्हणाले, पूर्ण बिलच अडवा. मी नाही म्हटलं. मग करार मोडणारे आपण ठरतो. दंडापुरतीच डेबिट नोट काढायची, बाकी पैसे वेळेवर द्यायचे. आणि एप्रिल-मेची बिलं आम्ही पूर्ण भरली म्हणून हक्क सोडला असं त्यांनी म्हणू नये, यासाठी "आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून" हे वाक्य नोटिशीत घातलं. रजिस्टरचे फोटोही जोडले, कारण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते, त्यात कोर्ट वाजवी वाटेल तेवढंच देतं.

सुधारणेसाठी करारात ३० दिवस आहेत, ते दिले. पण सुधारणा म्हणजे काय तेही लिहिलं, नाहीतर परत पॉलिश पेपर घेऊन येतील आणि "अटेंड केलं" म्हणतील. पाचव्या मजल्याचं डोअर लॉक नवीन बसवायचं, बाकी मजल्यांची तपासून लेखी रिपोर्ट द्यायचा, आणि या ३० दिवसांत लिफ्ट ९८ टक्के चालली पाहिजे. या काळातला दंडही चालूच राहील. मुदत दिली म्हणजे माफी दिली नाही!

पोचपावती २ जुलैची आहे. मुदत १ ऑगस्टला संपते. आज ९ जुलै, आणि नवीन लॉक अजून आलेलं नाही. दुसऱ्या दोन कंपन्यांची कोटेशन मी मागवली आहेत.