डाउनलोड केलंय, पण चावी त्यांच्याकडेच आहे

"एकदा डाउनलोड मारलं की पिक्चर आपला झाला. मग नेट बंद ठेवा, प्लॅन बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, कोणी काही करू शकत नाही. आणि डिव्हाइसची लिमिट फक्त एकाच वेळी किती जण बघतात त्याला असते, डाउनलोडला नसते. सगळ्यांना पाठवा."

हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला, म्हटलं आता लिहावंच.

पहिली गोष्ट "आपला झाला" ची. फोनमध्ये जी फाइल उतरते ती कुलूपबंद असते आणि तिची चावी, म्हणजे लायसन्स, वेगळं येतं. ही फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करून दुसऱ्या फोनमध्ये टाकली तरी चालणार नाही, कारण चावी ज्या फोनला दिली तिथेच लागते. आणि त्या लायसन्समध्येच मुदत लिहून आलेली असते.

म्हणूनच एअरप्लेन मोडचा काही उपयोग नाही. लोकांना वाटतं कंपनी नेटवरून येऊन पिक्चर पुसते, तर नेटच बंद केलं की वाचलो. पण मुदत तुमच्या फोनमध्येच मोजली जाते, त्याला नेट लागत नाही, नेट लागतं ते मुदत वाढवून घ्यायला! स्पॉटिफायवर 30 दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावंच लागतं, तेव्हा ॲप तुमचा प्लॅन चालू आहे का ते बघतं आणि मगच गाणी पुढे वाजू देतं. प्लॅन बंद केला असेल तर तुम्ही नेट बंद ठेवून थोडे दिवस काढाल, कायमचे नाही.

व्हिडिओत याहून जास्त फसायला होतं कारण तिथे बऱ्याचदा दोन घड्याळं असतात. एक डाउनलोड केल्यापासूनचं आणि दुसरं पहिल्यांदा प्ले दाबल्यापासूनचं. भाड्याने घेतलेल्या पिक्चरला साधारण 30 दिवस आणि मग 48 तास असा हिशोब असतो, आणि नेटफ्लिक्सवरही काही टायटल्स पहिल्यांदा प्ले केल्यापासून 48 तासांत संपतात.

माझाच किस्सा सांगतो (सर्व्हिसचं नाव नको). 1 तारखेला पिक्चर उतरवला, 30 दिवस होते, प्रवास 12 ला होता. 9 च्या रात्री "नीट उतरलाय ना" म्हणून दहा सेकंद चालवून बघितला आणि बंद केला. तिथेच 48 तासांचं घड्याळ सुरू झालं, 11 च्या रात्री मुदत संपली आणि 12 ला नेट नसलेल्या गाडीत पिक्चरच्या जागी एक्सपायर्ड! चेक करण्याच्या नादात घालवला मी. तेव्हापासून प्ले करून बघत नाही, डाउनलोड्सच्या यादीत किती वेळ उरलाय तेवढंच बघतो. नेटफ्लिक्स तर सात दिवसांपेक्षा कमी उरले की टायटलजवळच दाखवतं.

आता डिव्हाइसचं. एकाच वेळी बघायची लिमिट आणि डाउनलोडची लिमिट या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, गोंधळ होतो कारण कधीकधी आकडा सारखाच असतो. नेटफ्लिक्सच्या स्टँडर्ड प्लॅनमध्ये दोन स्क्रीन आणि डाउनलोडलाही दोनच डिव्हाइस, पण प्रीमियमला गेलात की स्क्रीन चार आणि डाउनलोडची डिव्हाइस सहा. शिवाय एका डिव्हाइसवर किती टायटल्स ठेवता येतील हे आणखी वेगळं, जाहिराती नसलेल्या प्लॅनला 100. स्पॉटिफायला प्रत्येक डिव्हाइसवर 10,000 गाणी आणि डिव्हाइस पाच. सहाव्यावर डाउनलोड केलं तर ते तुम्हाला अडवत नाहीत, जे डिव्हाइस सगळ्यात कमी वापरलंय त्यावरची डाउनलोड्स काढून टाकतात, म्हणजे कपाटातला जुना टॅब्लेट गुपचूप रिकामा झालेला असतो आणि आपण ॲपला शिव्या घालत बसतो.

व्हिडिओवाले बहुतेक उलट करतात, नव्या फोनवर डाउनलोडच होऊ देत नाहीत. इथे एक गोम आहे, जुना फोन ऑफलाइन असताना ॲप उडवलं किंवा फोन रीसेट केला तर सर्व्हरला ते कळतच नाही, त्यांच्या वहीत तो फोन जागा अडवून बसलेलाच राहतो. म्हणून फोन देऊन टाकायच्या आधी नेट चालू ठेवून आधी डाउनलोड्स डिलीट करा, मग साइन आउट. फोन आधीच गेला असेल तर वेबसाइटवर अकाउंट सेटिंग्जमध्ये डिव्हाइसच्या यादीत जाऊन तो काढा.

आणि ॲप दाखवतं तो मेसेज नीट वाचत जा. मुदत संपल्याचं लिहिलंय तर नेट लावून रिन्यू करून बघा, बरेचदा तेवढ्यावर भागतं. लिमिट झाल्याचं लिहिलंय तर या फोनवर कितीही खटपट करा काही होणार नाही, दुसऱ्या कुठल्यातरी फोनवरचं काढावं लागेल.