राजहंसाचा ठसा सांगतो काय आणि लपवतो काय

प्रतिक्रिया: "तुमच्या मते राजहंसाची छाप म्हणजे दागिना फ्रान्सचा. माझ्याकडच्या चांदीच्या ब्रोचवर राजहंस आहे आणि शेजारी 835 आहे. 835 जर्मनीत घडलेल्या चांदीवर असतं, हे कुणीही सांगेल. मग एक ठसा खोटा धरायचा की तुमचा लेख? वाचकांची दिशाभूल करू नका."

चूक माझीच आहे, आणि ती एका शब्दाची आहे. मी 'फ्रान्सचा दागिना' असं लिहिलं, तिथे 'फ्रान्समध्ये तपासलेला दागिना' असं हवं होतं. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तुमचा ब्रोच त्याचा उत्तम नमुना आहे. त्यावरचे दोन्ही ठसे खरे असू शकतात.

आधी 835 पाहू. हजार भागांत 835 भाग चांदी, एवढाच त्याचा अर्थ. जर्मनीत दागिना विकण्याआधी सरकारी कचेरीत तपासून घेण्याची सक्ती नाही, त्यामुळे हा आकडा कारागीर किंवा कारखाना स्वतः मारतो. म्हणजे ते बनवणाऱ्याचं म्हणणं झालं, तिऱ्हाइताची साक्ष नव्हे. शिवाय 835 ही काही एकट्या जर्मनीची मालकी नाही. ते नेदरलँड्समध्येही चालतं, फक्त तिथे सरकारी कचेरी तपासून लहान वस्तूवर बारीक तलवार उठवते. तुमच्या ब्रोचवर तलवार नसेल तर जर्मनीचा तुमचा अंदाज बळकट होतो, सिद्ध मात्र होत नाही.

राजहंसाचं तसं नाही. फ्रान्समध्ये 1893 पासून हा ठसा बाहेरून आलेल्या चांदीवर उठतो, आणि तो मारते कचेरी. अट एवढीच, की चांदी निदान 800 भरली पाहिजे. तुमचं 835 त्यात आरामात बसतं. सोन्यासाठी याच कामाला घुबड आहे, आणि फ्रान्समध्येच घडलेल्या 18 कॅरट सोन्यावर गरुडाचं डोकं. म्हणजे राजहंस दिसला की 'फ्रेंच' म्हणायच्या ऐवजी 'बहुधा फ्रेंच नव्हे' म्हणणं जास्त बरोबर. मी नेमका उलटा अर्थ छापला.

त्या 'बहुधा'ला कारण आहे. मूळ कळत नाही अशी जुनी चांदी फ्रान्समध्ये लिलावाला आली, तर तिच्यावरही राजहंसच मारतात. त्यामुळे एखादा अस्सल फ्रेंच दागिना, ज्यावरचे पहिले ठसे घासून गेलेत, राजहंस मिरवत फिरू शकतो. अशा वेळी चौकट शोधावी. फ्रेंच कारागिराची अक्षरं 1797 नंतर शंकरपाळीच्या आकाराच्या चौकटीत असतात. ती दिसली तर राजहंस असूनही वस्तू फ्रेंच.

आता तुमच्या ब्रोचकडे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दिवा बाजूने, तिरपा धरा. वरून उजेड पाडला तर चांदी नुसती चकाकते, खोलगट रेघा दिसत नाहीत. राजहंस इतका बारीक असतो की झिजला की सरळ 2 सारखा वाचला जातो. मी स्वतः एकदा त्याला आकडा समजून आठवडाभर भलत्याच तक्त्यात शोधत बसलो होतो. लंबगोल चौकट दिसली तेव्हा उलगडा झाला. ठसा मारताना फ्रान्समध्ये वस्तू ज्या ऐरणीवर ठेवतात, तिच्यावर किड्यांची नक्षी कोरलेली असते. पत्रा पातळ असेल तर ठशाच्या बरोबर मागच्या बाजूला त्या नक्षीचा पुसट उमटा सापडू शकतो. बनावट ठसा मारणारा पुढचा राजहंस कोरू शकेल, पण मागच्या किड्यांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. तरी उमटा नाही म्हणून ठसा खोटा, असं लगेच म्हणू नका. जाड भागावर तो येतच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठसा नेमका कुठे आहे? ब्रोचची टाचणी तुटते आणि बदलली जाते. राजहंस टाचणीवर आणि 835 पाठीवर असेल, तर एखाद्या सोनाराने फ्रान्समध्ये तपासलेल्या दुसऱ्या ब्रोचची टाचणी तुमच्या ब्रोचला डाखलेली असू शकते. मग राजहंस फक्त त्या टाचणीबद्दल बोलतो. बिजागरीजवळ टाक्याचा वेगळा, करडा रंग दिसतोय का ते बघा. दोन्ही ठसे पाठीवर किंवा चौकटीच्या काठावर असतील, तर शंका मिटली: घडला बहुधा जर्मनीत, तपासला फ्रान्समध्ये, 1893 नंतर कधीतरी. घडण्याचं साल मात्र राजहंसावरून कळणार नाही. ब्रोच आधी बनून पन्नास वर्षांनी फ्रान्समध्ये गेलेला असू शकतो.

लेखातली ती ओळ आज दुरुस्त केली आहे. टाचणी आणि पाठ, दोन्हींचे जवळून काढलेले फोटो पाठवलेत तर मी पाहून सांगेन.