सडेतोड यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन का चढत नाही, यावरच्या माझ्या लेखात मी लिहिलं होतं की लोह फक्त ड्युओडेनममध्येच, म्हणजे जठराला लागून असलेल्या आतड्याच्या पहिल्या वीतभर भागातच शोषलं जातं. त्यावर सडेतोड लिहितात: ताई, लेख वाचला. बायकांना घाबरवण्याचा हा नवा धंदा दिसतो. आतडं सहा मीटर लांब असतं. त्यातली पहिली वीतभर जागा बिघडली म्हणून अंगात लोहच जात नाही? बाकीचं आतडं काय झोपा काढतं का? आणि "फक्त ड्युओडेनममध्येच" हे तर चूकच, जेजुनमही लोह शोषतं. माझ्या वहिनींचं वजनाचं बायपास होऊन दोन वर्षं झाली, हिमोग्लोबिन १२.४ आहे. गोळ्या नियमित घ्या, गूळ-शेंगदाणे खा, लोखंडी कढई वापरा. उगाच लोकांना एन्डोस्कोपीच्या मागे लावू नका. तुम्ही डॉक्टर आहात का?

---

नाही, डॉक्टर नाही. सव्वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लोकांच्या रक्ताच्या काचा रंगवून मायक्रोस्कोपखाली बघण्यात माझे डोळे गेले. तेव्हा "डॉक्टर आहात का" हा प्रश्न ज्या सुरात विचारलात तो सूर मला नवा नाही, काउंटरवर रोज ऐकलाय. पण "धंदा"? या ब्लॉगवर एक जाहिरात दाखवा. एक गोळी, एक पावडर, एक लॅबचं नाव दाखवा. चार वर्षं पदरचे पैसे घालून लिहितेय आणि तुम्ही पहिल्याच ओळीत धंदा म्हणून मोकळे झालात. मत वेगळं असू शकतं हो, पण घरी आलेल्या पाहुण्याने चपला काढायच्या आधी यजमानाला चोर म्हणू नये, एवढं तरी आपल्याकडे पाळतात.

"फक्त" या शब्दाबद्दल मात्र तुमचं बरोबर. जेजुनम म्हणजे ड्युओडेनमच्या लगेच पुढचं आतडं, त्याचा सुरुवातीचा भाग लोह शोषतो, आणि वरची जागा गेली की तो थोडी जास्त मेहनतही करतो. "मुख्यतः" लिहायला हवं होतं. चुकलं.

आता ती "झोपा काढतं का" वाली ओळ. तुम्हाला ती बिनतोड वाटली असणार. सहा मीटर हा आकडा भारदस्त दिसतो, पण आतडं म्हणजे एकसारखा पाइप नव्हे. बी-१२ शेवटच्या टोकाला, इलियममध्ये शोषलं जातं. तिथे कुणी "वरची साडेपाच मीटर काय झोपा काढतात का" असं विचारत नाही. ड्युओडेनम जेमतेम पंचवीस सेंटिमीटर. त्या नावाचा अर्थच बारा बोटं, जुन्या वैद्यांनी बोटं आडवी लावून मोजलं होतं. लोहाचं काम तिथेच का, याला कारण आहे, आणि ते पोटातल्या आम्लापासून सुरू होतं.

पालक, नाचणी, डाळी यांतलं लोह बहुतेक फेरिक रूपात असतं. ते आम्लात विरघळलेलं राहतं. आम्लता उतरली की ते गंजासारखं साकळतं आणि मग कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही. जठरातून अन्न बाहेर पडतं तेव्हा ते आंबट असतं, पण थोडं पुढे गेलं की स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस येऊन मिळतो आणि आंबटपणा मरतो. म्हणजे लोह पकडण्याची संधी त्या सुरुवातीच्या पट्ट्यात. तिथल्या पेशींच्या तोंडाशी एक एन्झाइम असतं, डीसायटीबी नावाचं. ते फेरिकचं फेरस करतं. मग डीएमटी-१ नावाचं प्रथिन त्या फेरसला आत ओढतं, आणि ओढताना सोबत हायड्रोजनचा आयन लागतो, म्हणजे इथेही आम्लच कामाला येतं. पेशीच्या मागच्या दाराने फेरोपोर्टिन ते रक्तात सोडतं. ही तिन्ही ड्युओडेनमच्या पेशींत भरपूर असतात आणि खाली जाल तशी विरळ होत जातात. तेव्हा बाकीचं आतडं झोपत नाही, पण लोहाच्या कामाला तिथे माणसं कमी आहेत, आणि माल पोहोचतो तोवर साकळलेला असतो.

एवढं करून निरोगी माणूस दिवसाला शोषतो किती? एक ते दोन मिलिग्रॅम. ताटात दहा-पंधरा असतात, त्यातले एक-दोन. इतक्या बारीक हिशेबात वीतभर जागा गेली तर काय होतं, ते पुस्तकातून नको, माझ्या फायलीतून सांगते.

२००९. माझं वय अडतीस, वजन ५२ किलो, हिमोग्लोबिन ७.८, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ४. काच मी स्वतः बघितली: लहान लहान फिकट पेशी, मधूनच पेन्सिलीसारख्या लांबुळक्या. जुलाब नाहीत, पोटदुखी नाही, म्हणून आतड्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पाळीवर खापर फुटलं. एका मोठ्या डॉक्टरांनी तर "गोळ्या घेत नसाल तुम्ही" असं तोंडावर म्हटलं. घेत होते हो, चौदा महिने, रोज. पुरावा सकाळी संडासात दिसायचा, काळाकुट्ट. गोळी पोटात जात होती, रक्तात जात नव्हती. गोळी लागू पडत असेल तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी चढतं. माझं चौदा महिन्यांत ८.१ झालं.

शेवटी एका तरुण फिजिशियनने टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करायला सांगितली. ती पॉझिटिव्ह आली, मग एन्डोस्कोपी, आणि ड्युओडेनमचे तुकडे तपासले. आतल्या भिंतीवर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, व्हिलाय. माझ्याकडे ते जवळजवळ सपाट झालेले. सीलिअॅक. गहू, जव, राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनावर शरीराचीच प्रतिकारयंत्रणा उठते आणि जिथे ते अन्न आधी पोहोचतं तिथेच जास्त विध्वंस करते. म्हणजे नेमकी लोहाची जागा. पृष्ठभाग तर जातोच, शिवाय शोषणाची प्रथिनं अंगावर घेऊन उभ्या असणाऱ्या पक्व पेशीही जातात.

तूट किती होती ते काढण्याचा एक नेहमीचा हिशेब आहे: १५ मधून हिमोग्लोबिन वजा करा, जे उरेल त्याला वजनाने आणि मग २.४ ने गुणा, अधिक साठ्यासाठी ५००. माझं आलं सुमारे १४०० मिलिग्रॅम. सपाट आतड्यातून ते कधी भरणार? म्हणून शिरेतून आयर्न सुक्रोज, २०० ची सात सलाइनं. दोन महिन्यांत ११.९. आणि गहू बंद. घरी भाकरी होतीच म्हणा, पण पोळीची सवय सुटायला वर्ष गेलं.

आता नीट वाचा, सडेतोड. दीड वर्षाने पुन्हा एन्डोस्कोपी झाली, व्हिलाय परत उगवले होते. पुढच्या वर्षी पाळी बिघडली, हिमोग्लोबिन पुन्हा १०.४ वर आलं. तीच गोळी, तोच डोस, तीच मी. पाच आठवड्यांत १२.३. तुमचं ते बाकीचं आतडं दोन्ही वेळा तेच होतं ना? बदलली ती वरची वीतभर जागा. आणखी कसला पुरावा हवा?

वहिनींबद्दल. त्या बऱ्या आहेत याचा आनंद आहे, पण १२.४ वर हुरळू नका. माझ्या वडिलांचं, म्हणजे दादांचं, १९८४ मध्ये अल्सरसाठी ऑपरेशन झालं. ते दिवस ओमेप्राझोल यायच्या आधीचे, अल्सर म्हणजे सर्रास चाकू. जठराचा खालचा भाग काढला आणि उरलेलं थेट जेजुनमला जोडलं, याला बिलरॉथ-२ म्हणतात. ड्युओडेनम जागेवर, अगदी निरोगी, पण अन्न त्याच्या बाजूने निघून जायचं आणि आम्लही घटलेलं. माझ्याकडे माल यायचा आणि हमाल नव्हते, दादांकडे हमाल बसून होते आणि माल यायचा नाही.

दादांना सहा वर्षं काही झालं नाही. सातव्या वर्षी जिना चढताना धाप, हिमोग्लोबिन ९. सगळे मूळव्याध शोधत बसले, सात वर्षांपूर्वीचं ऑपरेशन कुणाच्या डोक्यात येणार? हिशेब ढोबळ आहे, पण करून बघा. पुरुषाच्या अंगात साधारण १००० मिलिग्रॅमचा साठा असतो. रोज १ मिलिग्रॅम झिजतं आणि शोषण निम्म्यावर आलं तर रोज अर्धा मिलिग्रॅम साठ्यातून जातो. दोन हजार दिवस, साडेपाच वर्षं. साठा आटू लागला की शरीर जरा जास्त ओढून घेतं, म्हणून थोडं पुढेमागे होतं. पाळी येणाऱ्या बाईचा साठा मात्र ३०० च्या आसपास आणि झीज जास्त, तिला एवढी सवलत मिळत नाही.

वजनाच्या बायपासमध्ये अंड्याएवढी थैली उरते आणि अन्न ड्युओडेनम ओलांडून जातं, दादांसारखंच. म्हणून तर अशा बायकांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह कायमचं घ्यायला सांगतात. वहिनी ते घेत असतील तर १२.४ हे त्या गोळीचं श्रेय. घेत नसतील, तर हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी पडतं, फेरिटिन आधी पडतं. ते केलंय का कधी? केलं असतं तर तुम्ही ऐटीत तोच आकडा लिहिला असता.

गूळ, शेंगदाणे आणि कढईबद्दल काय बोलू? कढईतलं लोह त्याच दारातून जातं. दार बंद असेल तर कढई बदलून काय होणार.

आणि एन्डोस्कोपीच्या मागे मी कुणाला लावलेलं नाही. लेख पुन्हा वाचा: गोळी नीट घेऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन हलत नसेल आणि रक्त कुठे जात नसेल, तर आधी टीटीजीची रक्ततपासणी, सोबत रक्तातलं एकूण आयजीए हे प्रतिपिंड, कारण ते मुळातच कमी असेल तर टीटीजी खोटी निगेटिव्ह येते. पण त्या आधी गहू सोडून बसू नका. ग्लुटेन बंद केलं की टीटीजी उतरते, व्हिलाय सावरतात, आणि मग तपासणीत काहीच सापडत नाही. "सोडून बघू, बरं वाटलं तर तेच" असं करून स्वतःचं निदान धूसर करून घेतलेल्या तिघीजणी मी आमच्याच लॅबमध्ये पाहिल्या आहेत.

लेखातला "फक्त" मी आज रात्री काढतेय. तुमच्या प्रतिक्रियेतला "धंदा" तुम्ही काढा. आणि वहिनींचं फेरिटिन आलं की आकडा इथेच लिहा, कितीही असो.