कोड ३९ आणि सावंतकाकांचे ५९० रुपये

सोसायटीत कुणाचा चेक परत आला की कोपरखैरणेत बातमी पाण्याच्या टँकरपेक्षा लवकर पोचते. मी सोसायटीचा खजिनदार, संध्याकाळी माझ्या मोबाईलवर सोसायटीच्या बँकेचा मेसेज आला की मेंटेनन्सचा ३,८५० चा चेक रिटर्न झालाय, आणि मी लिफ्टमधून खाली उतरेपर्यंत वॉचमनला माहीत होतं की बी विंगच्या सावंतकाकांचा चेक बाउन्स झाला. आता मेसेजमध्ये कारण काहीच नव्हतं, नुसतं रिटर्न, पण आपल्याकडे चेक परत आला म्हणजे खात्यात पैसे नाहीत हे ठरलेलंच असतं. सेक्रेटरी तर म्हणाले चेक बाउन्सच्या कलम १३८ ची नोटीस काढू या, चेक का परत आला ते सांगणारा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत काढावी लागते, उशीर नको. मेमो अजून कुणी डोळ्याने बघितला नव्हता ते सोडा.

काका रिटायर्ड माणूस, पेन्शन त्याच खात्यात येते. रात्री पासबुक घेऊन माझ्याकडे आले. शिल्लक बघून मीच दोन मिनिटं गप्प झालो, एवढे पैसे असलेला माणूस जिन्यातल्या बल्बवरून मिटिंगमध्ये तासभर भांडतो? पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा खालच्या ओळीत होता, त्यांच्या बँकेने चेक रिटर्न चार्ज म्हणून ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९०, असे ५९० कापले होते. "अहो खजिनदार, मेंटेनन्स ३,८५० आणि दंड ५९०, हा कुठला हिशोब?" आणि गंमत म्हणजे सोसायटीच्या खात्यातूनही १५० अधिक २७ असे १७७ गेले होते. एकच चेक, दोन बँका, आणि दोघींनी आपापल्या गिऱ्हाईकाच्या खिशात हात घातला. जिथे भरला तिथे त्याला आउटवर्ड रिटर्न म्हणतात, ज्याने दिला त्याच्या बँकेत इनवर्ड रिटर्न. वर सेक्रेटरी म्हणत होते की आपले १७७ पण सावंतांच्या बिलात टाका.

म्हटलं, आधी मेमो येऊ दे.

शाखेत मेमो मागितला तर काउंटरवरच्या मॅडमनी गठ्ठ्यातून एक काढून दिला, मी तिथेच उभा राहून चेक नंबरचे सहा आकडे जुळवले तर तो भलत्याच कुणाचा, एका किराणावाल्याचा. हे नेहमी करा बरं का. आधी नंबर, मग रक्कम, मग कारण. लोक सरळ कारणाकडे उडी मारतात आणि दुसऱ्याचं दुखणं घरी घेऊन येतात. दुसऱ्या खेपेला आपला निघाला. कोडच्या रकान्यात ३९ आणि पुढे इंग्रजीत कारण, इमेज नॉट क्लिअर, प्रेझेंट अगेन विथ पेपर. पैसे कमी असते तर कोड ०१ असता, सही जुळली नसती तर १२. म्हणजे काकांचे पैसे होते, सही जुळत नाही असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि नोटिशीचा तर प्रश्नच संपला, फोटो नीट आला नाही म्हणून कुणावर १३८ लागत नाही.

पण फोटो कुणी काढला? इथेच खरी मजा आहे. सीटीएस, म्हणजे इमेजवरून चेक वटवायची पद्धत, आल्यापासून कागदाचा चेक कुठे जातच नाही, तो आमच्याच बँकेत राहतो, पलीकडे जाते फक्त त्याची स्कॅन केलेली इमेज. काकांच्या वाशीच्या बँकेने तो चेक हातात धरलेलाच नाही, स्क्रीनवर बघितला. आणि तो मूळ चेक मेमोला स्टेपल होऊन माझ्या हातात आला होता. काकांचं अक्षर टपोरं, निळी शाई, कुठे खाडाखोड नाही. आणि आकड्यातल्या रकमेवर, बरोब्बर ८ आणि ५ च्या डोक्यावर, आमच्याच शाखेचा जांभळा शिक्का. गोल. जोरात मारलेला. ज्याने मारला त्याचं त्या दिवशी घरी काहीतरी झालं असणार. डोळ्याला आकडा शिक्क्याखालून दिसत होता, पण स्कॅनमध्ये एक प्रत काळीपांढरी जाते, तिच्यात जांभळ्याचं काळं होतं आणि आकड्याचा डाग. तारीख, नाव, रक्कम आणि सही यांच्यावर शिक्का येऊ नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, पण सूचना शिक्क्याला कोण वाचून दाखवणार.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "चार्ज सिस्टीम आपोआप कापते, रिटर्न आला की कापलाच." मी म्हटलं मॅडम, सिस्टीमला कोड दिसतो की नाही? ३९ लिहिलंय. रिझर्व्ह बँकेचं म्हणणं सरळ आहे की ग्राहकाची चूक असेल तरच रिटर्न चार्ज लावा, आणि ज्यात चेक भरणाऱ्याला परत विचारायची गरज नाही असे चेक बँकेनेच पुढच्या क्लिअरिंगला, सुट्टी सोडून २४ तासांच्या आत परत लावायचे, आणि मेसेजने कळवायचं. म्हणजे मला शाखेत यायलाच नको होतं. मॅडम मॅनेजरकडे गेल्या, मॅनेजर बाहेर आले, चेक उजेडात धरून बघितला, शिक्का बघितला, मग टेबलावरचा शिक्का बघितला, आणि "लेखी द्या" म्हणाले. लेखी दिलं. मेमो आणि चेक दोन्हीची झेरॉक्स लावली, पोच घेतली, कारण पोच नसेल तर आपण गेलोच नव्हतो असं होतं आणि तीस दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायला तीच लागते.

आता काकांचे ५९०. त्यांच्या बँकेचं म्हणणं, आम्हाला इमेज दिसली नाही म्हणून परत पाठवला, आमची काय चूक. बरोबर आहे, तुमची नाही. पण काकांची पण नाही ना! मेमोची प्रत घेऊन काका स्वतः वाशीला गेले, रिक्षावाल्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांना कोड ३९ समजावला असणार, कारण परत आले तेव्हा पैसे परत होणार असं लेखी घेऊन आले होते. आठवड्याभरात ५९० जमा, सगळे, जीएसटीसकट. चेकही दुसऱ्या वेळेस निमूट पास झाला, या वेळी शिक्का कोपऱ्यात, लाजत मारलेला.

आमच्या बँकेने मात्र १५० परत दिले आणि २७ विसरले. चार्ज उलटा केला की कर वेगळ्या एंट्रीने उलटा होतो, आणि ती दुसरी एंट्री टाकायला कुणाला आठवत नाही, त्यामुळे रिव्हर्सल आलं की नुसतं आलं म्हणून खूश होऊ नका, बेरीज करा. मी २७ रुपयांसाठी परत गेलो तेव्हा मॅडमनी लांबूनच ओळखलं आणि काही न विचारता कीबोर्ड पुढे ओढला.

काकांच्या बिलात टाकलेले १७७ काढायला सेक्रेटरींना कमिटीचा ठराव पाहिजे होता. टाकताना नको होता. मिटिंगमध्ये काकांनी उभं राहून अख्खा मेमो वाचून दाखवला, वर तारखेपासून खाली सहीपर्यंत, आणि ठराव एकमताने पास झाला, म्हणजे झोपलेले धरून एकमताने. ऑडिटरने विचारलंच, हे २७ वेगळे का आलेत, तर व्हाउचरला मेमोची झेरॉक्स लावून ठेवली होती, त्याने ३९ वर बोट ठेवलं आणि पुढचं पान उलटलं.